आक्षेपांची स्लाइड: प्रश्न डावीकडे, उत्तर उजवीकडे, पण किती आणि कसं?

गच्चीकर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघे भागीदार पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायट्यांच्या गच्चीवर सोलर बसवतो. येत्या रविवारी ४२ फ्लॅटच्या एका सोसायटीच्या कमिटीपुढे प्रेझेंटेशन आहे. प्लांट २० किलोवॉटचा आणि फक्त कॉमन मीटरसाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे. डेक बारा स्लाइडचं आहे. त्यातल्या अकराव्या स्लाइडवर, 'नेहमीचे प्रश्न'वर, गाडी अडली आहे.

सध्या तिच्यावर नऊ प्रश्न आहेत. नमुना देतो, हसू नका.

प्र. गच्चीला गळती लागेल का?
उ. आमची अनुभवी टीम अत्याधुनिक तंत्रज्ञान वापरून आपल्या गच्चीची संपूर्ण काळजी घेते, त्यामुळे आपण निश्चिंत राहावे.

प्र. वीज गेल्यावर काय होते?
उ. आमची प्रणाली ग्रिडशी जोडलेली असून सुरक्षिततेच्या सर्व निकषांची पूर्तता करते.

प्र. विक्रीनंतरची सेवा कशी असते?
उ. ग्राहकसेवा हाच आमचा धर्म आहे.

मागच्या एका सोसायटीत ही स्लाइड आली तेव्हा मागच्या रांगेतून "दिसत नाहीये" असा आवाज आला आणि चेअरमन म्हणाले, "पुढे घ्या." प्रश्न-उत्तराच्या छोट्या जोड्या करायच्या हे कळतंय, पण मांडणी कशी करावी? दोन रकाने, की प्रत्येक प्रश्नाचा वेगळा चौकोन? किती जोड्या ठेवाव्यात? अक्षर किती मोठं?

झेंडूबाम
तिसरं उत्तर वाचून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. आता पहिल्या दोन उत्तरांचा धर्म कोणता तेही सांगा.

सर्चवाला
दादा, प्रश्न जास्तच ठेवा. पंचवीस-तीस ठेवले तरी चालतील. लोक गुगलवर जे टाइप करतात तेच शब्द प्रश्नात आले पाहिजेत, म्हणजे पान वर येतं. प्रश्नावर क्लिक केलं की उत्तर खाली उघडेल असं ठेवलं तर जागाही वाचते.

गच्चीकर
@सर्चवाला, वेबसाइट नाहीये हो. क्लबहाउसच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवायची स्लाइड आहे. समोर सात-आठ माणसं आणि वेफर्सची पाकिटं.

सर्चवाला
अच्छा. मग तीस नको.

जुना_विक्रेता
माझं मत विचाराल तर ही स्लाइडच काढा. बत्तीस वर्षं विक्री केली, आधी वॉटर हीटर, मग जनसेट. समोरच्याच्या डोक्यात नसलेला आक्षेप आपण आपल्या हाताने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचा, याला काय म्हणावं? गळतीचा विचार ज्याने केलाच नव्हता, तो तुमची स्लाइड बघून करणार. आक्षेप तोंडी येऊ द्या, तोंडीच उत्तर द्या.

खजिनदारीण
जुना_विक्रेता काका, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची. आमच्या सोसायटीची खजिनदार आहे आणि गेल्या वर्षी आम्ही सोलरवाल्या तीन पार्ट्या ऐकल्या. गळतीचा विचार केला नव्हता असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. वरच्या मजल्यावरचे दोघे तर केवळ त्यासाठीच आले होते. ज्या पार्टीने तो विषय स्वतः काढला नाही, तिच्याबद्दल बाहेर पडल्यावर पहिलं वाक्य "हे टाळतायत" असं होतं.

गच्चीकर, तुमच्या प्रश्नांची भाषा मात्र आमची नाही. "विक्रीनंतरची सेवा कशी असते" असं कोणी विचारत नाही. आमच्याकडचा प्रश्न, शब्दशः, "आणि उद्या तुम्ही गाशा गुंडाळलात तर?" असा होता.

झेंडूबाम
तेव्हा "ग्राहकसेवा हाच आमचा धर्म" म्हटलं असतं तर सभेत धर्मांतर झालं असतं.

अक्षरओळ
मी डेक बनवून पोट भरतो, त्यामुळे मांडणीचं सांगतो. मजकुरावर नंतर येऊ.

नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ उंच असते. दोन्ही कडांना दीड-दीड सेंटिमीटर सोडलं की साधारण ३१ हातात उरतात. त्यात प्रश्नाला साडेअकरा, मध्ये एक मोकळा आणि उत्तराला अठरा द्या. अक्षर २४ पॉइंटचं ठेवलंत तर अठरा सेंटिमीटरच्या ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात. हीच उत्तराची मर्यादा समजा. क्वचित दुसरी ओळ चालेल, तिसरी नाही.

आता उंची. देवनागरीत ओळीला १.३ पट अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. २४ पॉइंटच्या दोन ओळींना सव्वादोन सेंटिमीटर गेले. वरखाली श्वास धरून एक जोडी २.८ ची धरा. पाच जोड्यांचे चौदा आणि शीर्षकाचे तीन मिळून सतरा होतात, खाली दोन मोकळे राहतात. सहावी जोडी घातली की १९.८ होतं, म्हणजे स्लाइडच्या बाहेर. मग लोक काय करतात? अक्षर बारीक करतात, आणि मागच्या रांगेला दिसेनासं होतं. म्हणून पाच. नऊच ठेवायचे असतील तर दोन स्लाइड करा.

चौकोन नकोत. कार्डं दिसायला गोंडस असतात, पण प्रत्येक कार्डात उजवा-डावा समास, कोपऱ्याची गोलाई, सावली यातच जागा जाते. शिवाय डोळा आधी उजवीकडे जावा की खाली, हे कळत नाही. दोन रकान्यांत नजर सरळ खाली उतरते आणि आपल्या प्रश्नाशी थांबते.

गच्चीकर
हे सोन्यासारखं आहे. एक विचारतो. मी डावीकडे प्रश्नांचा एक टेक्स्ट बॉक्स आणि उजवीकडे उत्तरांचा एक असे दोन ठेवलेत. पण एखादं उत्तर दोन ओळींचं झालं की पुढचे सगळे प्रश्न आपल्या उत्तरापासून घसरतात. मग मी मध्ये एंटर मारत बसतो.

अक्षरओळ
एंटर मारणं म्हणजे गळक्या पिंपाखाली बादली ठेवणं. टेबल घाला. पाच ओळी, दोन रकाने, बॉर्डर काढून टाका, फक्त ओळींमध्ये एक फिकट रेघ ठेवा. उत्तर वाढलं की ओळ वाढते आणि प्रश्न आपोआप सोबत राहतो. सेलमधला मजकूर वरच्या कडेला लावा, मध्यावर नको. मध्यावर लावला तर एका ओळीचा प्रश्न दोन ओळींच्या उत्तराच्या अधेमधे लटकतो.

आणि एक गोष्ट बहुतेकांची चुकते. प्रश्न २० पॉइंट, उत्तर २४ पॉइंट असं करू नका. इंग्रजीत ते खपून जातं. आपल्याकडे शिरोरेषा असते. शेजारच्या दोन रकान्यांत आकार वेगळे झाले की दोन शिरोरेषा वरखाली होतात आणि ओळ तुटल्यासारखी दिसते. दोन्हींचा आकार एकच ठेवा, फरक रंगाने करा. प्रश्न करडा, उत्तर काळं. उत्तरातला पहिला शब्द तेवढा ठळक.

अर्धा_कप
मी तर म्हणतो प्रश्नच ठळक करा. माणूस आपला प्रश्न शोधतो, मग उत्तर वाचतो. उत्तर ठळक असेल तर आधी उत्तर दिसतं आणि ते कशाचं हे कळत नाही.

अक्षरओळ
छापील पत्रकात तुमचं बरोबर आहे, कारण तिथे माणूस एकटा बसून शोधतो. सभेत बोलणारा स्वतःच प्रश्न वाचून दाखवतो, डोळा उत्तराकडे जायला हवा. तरी हा काही पाषाणावरचा लेख नाही. दोन्ही करून बघा. दोन्ही एकाच वेळी ठळक मात्र करू नका. आधीच अक्षरं गच्च असतात, त्यात ठळक केलं की 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' यांची पोटं भरून जातात आणि लांबून नुसता डाग दिसतो.

चक्कीवाली
माझा थोडा वेगळा अनुभव आहे, धाग्यात बसतो का बघा. मी घाण्याचं शेंगदाणा तेल विकते. प्रदर्शनात स्टॉलमागे बॅनर होता आणि त्यावर असेच पाच प्रश्न होते. पहिलाच होता, "तेल महाग का?" उत्तर लिहिलं होतं, "कारण शुद्धतेशी तडजोड नाही." लोक वाचून पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी लेकीने मार्करने खोडून लिहिलं, "एका लिटरला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात." लोक थांबायला लागले. दाण्याचा भाव त्यांना माहीतच असतो, हिशोब तेच करायचे.

खजिनदारीण
ताई, हेच! आम्हालाही आकडा हवा असतो, विशेषण नको.

अर्धा_कप
मग सोलरचे आकडे सोपे आहेत. "हमी २५ वर्षे." संपलं. "सबसिडी ७८,०००." संपलं. आणि वीज गेल्याच्या प्रश्नाला सरळ "हो, चालेल" लिहा, बॅटरी लावली तर चालतंच की. हे तिन्ही दहा अक्षरांत बसतात.

वायरमन_७१
अर्धा कप साहेब, तुम्ही तीन ओळींत तीन खड्डे खणलेत. मी वीज खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून राहवत नाही.

पहिला. ७८,००० हा आकडा स्वतंत्र घराचा आहे, तीन किलोवॉट आणि त्यावरच्या प्लांटसाठी. हाउसिंग सोसायटीच्या कॉमन मीटरला पीएम सूर्यघर योजनेत दर किलोवॉटला १८,००० आहेत. प्लांटची मर्यादा घरामागे तीन किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट. म्हणजे गच्चीकरांच्या २० किलोवॉटला ३,६०,०००. ती रक्कमही प्लांट सुरू होऊन तपासणी झाल्यावर येते, आणि पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे असले तरच. ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. असे आकडे बदलतात, म्हणून स्लाइडवर सबसिडी लिहायचीच तर शेजारी महिना आणि वर्ष लिहा.

दुसरा. २५ वर्षं ही हमी पॅनेल किती वीज देईल याची आहे. २५ वर्षांनी मूळ क्षमतेच्या ८० टक्के किंवा त्याहून थोडी जास्त, असं ते असतं. काच फुटली, जोड सुटला, पाणी शिरलं, याची हमी वेगळी आणि कमी वर्षांची, बऱ्याच कंपन्यांत दहा-बारा. इन्व्हर्टरची त्याहून कमी. "हमी २५ वर्षे" वाचून कमिटी इन्व्हर्टरही त्यातच धरणार. आठव्या वर्षी इन्व्हर्टर गेला की हीच स्लाइड कोणीतरी व्हॉट्सॲपवर परत टाकेल.

तिसरा, आणि सगळ्यात वाईट. ग्रिडला जोडलेल्या साध्या प्लांटमध्ये लाईट गेली की भर दुपारीसुद्धा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. व्हायलाच हवा. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत तुमच्या गच्चीवरून वीज जाईल. बॅटरी लावायची तर इन्व्हर्टरच वेगळ्या जातीचा लागतो, खर्च वेगळा, आणि लिफ्टची मोटर सुरू होताना जो झटका घेते तो पेलेल एवढी बॅटरी म्हणजे वेगळाच प्रकल्प. तिथे "हो" लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं.

अर्धा_कप
कान पकडले. तरी "नाही" असं भिंतीवर लिहायचं म्हणजे धंदा घालवायचा.

जुना_विक्रेता
मीही तेच म्हणतोय. "लिफ्ट चालणार नाही" हे वाक्य ज्येष्ठ नागरिकांच्या सोसायटीत दाखवून बघा.

खजिनदारीण
काका, आमच्या ए विंगमधले ज्येष्ठच सगळ्यात बारकाईने विचारत होते. एका पार्टीने सांगितलं, "सोलरवर चालणार नाही, जनरेटर ठेवा." दुसऱ्या पार्टीने "सुरक्षिततेचे निकष" वगैरे म्हटलं, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तीनदा तोच प्रश्न विचारला आणि शेवटी कबुली काढूनच घेतली. काम पहिल्या पार्टीला मिळालं. फक्त त्यामुळेच मिळालं असं नाही, त्यांचा दरही बरा होता. पण पाच उत्तरांत एक सरळ "नाही" दिसला की उरलेल्या चार "हो"वर विश्वास बसतो, हे मी खोलीत बसून बघितलंय.

वायरमन_७१
आणि त्या एका ओळीत कारण कोंबू नका. लाइनमनचं तोंडी सांगा, पटकन पटतं.

गच्चीकर
काल रात्री भागीदाराबरोबर बसून परत लिहिलं. मागच्या सहा सभांमध्ये मी वहीत टिपणं काढली होती, ती चाळली. माझ्या नऊ प्रश्नांपैकी तीन कोणीही, कधीही विचारलेले नाहीत. "आपले तंत्रज्ञान वेगळे कसे" हा त्यातलाच एक, तो आम्हालाच आवडायचा. आणि "पॅनेल धुणार कोण" हा सहाही सभांमध्ये आलेला प्रश्न स्लाइडवर नव्हताच.

नवा मसुदा:

गच्चीला भोकं पाडणार का?
नाही. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा राहतो.

लाईट गेली तर लिफ्ट चालेल का?
सोलरवर नाही. जनरेटर ठेवावा लागेल.

पावसाळ्यात काय?
वीज कमी बनते, बंद पडत नाही.

पॅनेल कोण धुणार?
सोसायटीचा माणूस, पंधरा दिवसांनी, साध्या पाण्याने.

पैसे किती वर्षांत वसूल?
चार ते पाच वर्षांत.

वायरमन_७१
बरंच सुधारलं. पण पहिलं उत्तर वाचल्यावर माझ्या मनात लगेच आलं, ठोकळ्यांवर नुसता ठेवलाय तर वादळात उडेल का? आणि ठोकळ्यांचं वजन स्लॅबला झेपेल का? एक आक्षेप मारला आणि दोन जन्माला घातले.

झेंडूबाम
रक्तबीजाची स्लाइड.

अक्षरओळ
वायरमन काकांचा मुद्दा मांडणीचाही आहे. जोडी लिहून झाली की उत्तर एका अनोळखी माणसाला वाचायला द्या आणि विचारा, आता काय विचारावंसं वाटतं? पुढचा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा मोठा निघाला तर उत्तर चुकलं. इथे "ठोकळ्यांवर" हा शब्दच काळजी निर्माण करतोय. "नाही. वजन आणि वाऱ्याचा हिशोब इंजिनिअरच्या सहीने देतो," असं केलं तर? अर्थात खरंच देत असाल तरच.

गच्चीकर
देतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आम्ही घेतोच, तो फायलीत पडून असतो. स्लाइडवर आणायचं सुचलंच नाही.

खजिनदारीण
पाचवी जोडी काढा. "चार ते पाच वर्षांत" कोणाच्या बिलावरून? आमचं कॉमन बिल वेगळं, शेजारच्या सोसायटीचं वेगळं. आम्ही लगेच कॅल्क्युलेटर काढतो, आणि मग उरलेली स्लाइड कोणी बघत नाही.

वायरमन_७१
बरोबर. २० किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला ८० युनिट धरा, म्हणजे महिन्याला २,४००. त्या सोसायटीचं कॉमन मीटर महिन्याला १,५०० युनिटच खात असेल तर वसुलीचं गणितच बदलतं, मुळात प्लांट छोटा करावा लागेल. ही गोष्ट एका ओळीत खरी राहूच शकत नाही. तिला वेगळी स्लाइड द्या, त्यांची बारा महिन्यांची बिलं घेऊन.

चक्कीवाली
म्हणजे जे उत्तर एका ओळीत खरं राहत नाही, ते या स्लाइडवर नाहीच ठेवायचं का? माझ्या बॅनरवर "किती दिवस टिकतं" असा प्रश्न आहे. उत्तर ऋतूवर, बाटलीवर, उन्हावर अवलंबून.

अक्षरओळ
ताई, तुमच्यासाठी "बाटलीवरची तारीख बघा" हेच एका ओळीतलं खरं उत्तर आहे. कुठे बघायचं ते सांगणं हेही उत्तरच. गच्चीकरांनीही "तुमच्या बिलांवरून, पुढच्या स्लाइडवर" असं लिहिलं तर चालेल, पण मग ती स्लाइड खरंच पुढची हवी. परिशिष्टात शोधायला लावू नका.

जुना_विक्रेता
ठीक आहे, स्लाइड ठेवायचीच असेल तर निदान किमतीच्या आधी ठेवा. आक्षेप निवले की किंमत सांगा. किंमत सांगून झाल्यावर कोणी गळतीचं ऐकत नाही.

खजिनदारीण
मी उलट म्हणेन. किंमत कळेपर्यंत आम्ही कोणतंच उत्तर मन लावून ऐकत नाही. डोक्यात एकच चालू असतं, आकडा कधी येतोय.

जुना_विक्रेता
यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

खजिनदारीण
चालेल.

गुळाचा_खडा
उशिरा आलो. पीडीएफ करून कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता का? कारण आमच्याकडे सभेला सात जण असतात आणि मत देणारे बेचाळीस. उरलेले पस्तीस जण ते फोनवरच बघतात.

गच्चीकर
हो, तीच फाइल टाकतो.

अक्षरओळ
तीच टाकू नका! फोन उभा धरला तर पडदा साधारण सात सेंटिमीटर रुंद. चौतीस सेंटिमीटरची स्लाइड सातवर आली म्हणजे पाचवा हिस्सा. तुमचं २४ पॉइंट तिथे पाच पॉइंटचं होतं, औषधाच्या पत्रकापेक्षा बारीक. लोक बोटांनी मोठं करतात, मग प्रश्न दिसतो तेव्हा उत्तर पडद्याबाहेर आणि उत्तर दिसतं तेव्हा प्रश्न बाहेर. दोन रकान्यांची सगळी गंमत तिथे संपते.

फोनसाठी उभी फाइल वेगळी करा, रुंदी १९.०५ आणि उंची ३३.८७. पॉवरपॉइंटमध्ये एकाच फाइलमध्ये एक स्लाइड आडवी आणि एक उभी ठेवता येत नाही, म्हणून वेगळी फाइल. त्यात प्रश्न वर, उत्तर लगेच खाली, २८ पॉइंट. फोनवर ते दहा पॉइंटच्या आसपास उतरतं, न ताणता वाचता येतं. फक्त प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यातलं अंतर कमी ठेवा, आणि दोन जोड्यांमधलं त्याच्या तिप्पट. नाहीतर कोणतं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे कळत नाही.

गुळाचा_खडा
आणि फॉन्ट सांभाळा. मी एकदा माझ्या लॅपटॉपवर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये स्लाइड केली आणि यजमानांच्या लॅपटॉपवर उघडली. "आमचे ग्राहक" याच्या जागी कंस, टक्के आणि रोमन अक्षरांची भेळ. एक गृहस्थ म्हणाले, "ही संस्कृत आहे का?"

अक्षरओळ
युनिकोड फॉन्ट घ्या. 'मुक्त' नावाचा किंवा 'नोटो सान्स देवनागरी', दोन्ही फुकट मिळतात आणि लांबून स्वच्छ दिसतात. आणि `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` वर खूण करा. सोबत पेन ड्राइव्हवर पीडीएफही ठेवा.

अर्धा_कप
अॅनिमेशनचं कोणी बोललं नाही. एकेक उत्तर क्लिकवर आणलं तर उत्सुकता राहते ना?

खजिनदारीण
आमच्याकडे एकाने तसं केलं होतं. आम्ही तिसऱ्या प्रश्नावर होतो आणि एका सभासदाने पाचव्याबद्दल विचारलं. तो बिचारा टकाटक क्लिक करत सुटला. सगळे प्रश्न एकदम दिसले तर माणूस बोट दाखवून "ते शेवटचं सांगा" म्हणू शकतो.

अर्धा_कप
आज माझा दिवस नाही.

गच्चीकर
मंडळी, रविवार झाला. सविस्तर सांगतो.

शेवटी चार जोड्या आणि पाचवी खजिनदारीण ताईंची, त्यांच्याच शब्दांच्या जवळची: "तुम्ही धंदा बंद केलात तर?" उत्तर, "पॅनेल, इन्व्हर्टरची हमी त्यांच्या कंपन्यांची. कागद सोसायटीच्या नावावर." दोन ओळी झाल्या, पण टेबलामुळे काही घसरलं नाही. हा प्रश्न भिंतीवर आला तेव्हा सेक्रेटरी हसले आणि म्हणाले, "हाच विचारणार होतो." मग हमीच्या वर्षांवर दहा मिनिटं गेली. वायरमन काकांनी सांगितलेले तीन वेगवेगळे कालावधी मी तोंडी सांगितले आणि पत्रकं दाखवली.

लिफ्टच्या "नाही"वर शांतता पसरली. पाच-सहा सेकंद असतील, मला पाच मिनिटं वाटली. मग एका आजोबांनी विचारलं, "आत्ता तरी कशावर चालते? जनरेटरवरच ना?" आणि विषय संपला. जुना_विक्रेता काकांची भीती अगदीच खोटी नव्हती मात्र, बाहेर पडताना एकजण म्हणालेच, "मग एवढा खर्च करून लिफ्ट चालणार नाही?" त्यांना परत समजावलं. पटलं की नाही, माहीत नाही.

किंमत मी आधी सांगितली, आक्षेप नंतर. बरोबर केलं की चूक, हे अजून कळलेलं नाही, निर्णय सर्वसाधारण सभेत होणार आहे.

आणि स्लाइडवर नसलेला एकच प्रश्न आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "पापड-कुरडया वाळवायला गच्ची उरणार का?" माझ्याकडे जोडी नव्हती. २० किलोवॉटला दोन हजार चौरस फूट जातात एवढंच सांगता आलं, उरणारी जागा मी मोजलीच नव्हती.

झेंडूबाम
या धाग्यात इतके तज्ज्ञ, आणि पापड कोणालाच आठवला नाही.

खजिनदारीण
आम्ही पश्चिमेकडची पट्टी सोडून घेतली होती. तिथे टाकीची सावली पडते म्हणून पॅनेल लावता येत नव्हते. दुपारी तीनपर्यंत कडक ऊन असतं, कुरडयांना पुरतं. सर्वसाधारण सभेच्या आधी गच्चीचा नकाशा काढून त्यावर जागा रंगवून न्या.

गच्चीकर
टेप घेऊन उद्याच जातो.